फोडणीत मोहरी, पण तेल फल्लीचं

आमचं मूळ गाव केनवड. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. (वाशिम हा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं.) तिकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात आणि खायचं तेल म्हणजे फल्लीचं तेल, निदान आमच्या आजीच्या हिशेबात तरी.

माझा रूममेट कोलकात्याचा. तो मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवतो आणि आम्ही खिडक्या उघडतो. एकदा त्याने विचारलं, "तुम्ही प्रत्येक भाजीत मोहरी टाकता, मग मोहरीचं तेल का नाही वापरत?" प्रश्न एकदम बरोबर होता. त्यामागे लागलो, म्हणून हा लेख.

उत्तराचा पहिला भाग शेतात आहे. मोहरीला थंड आणि लांब हिवाळा मानवतो, म्हणून तेलासाठी लागणारी मोहरी उत्तरेत आणि पूर्वेकडे पिकली. वऱ्हाडात कापसाच्या पट्ट्यात तीळ, जवस आणि करडई होती. मोहरी फोडणीपुरती. नारळ तर कोकणाचा, घाटावर तो पूजेला आणि सणाला यायचा. आणि गंमत म्हणजे ज्याला आपण 'आपलं' तेल म्हणतो तो भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. युरोपियन जहाजांच्या काळात तो इकडे आला आणि तेलासाठी त्याची मोठी लागवड व्हायला एकोणिसावं शतक उजाडलं. म्हणजे पुरणपोळी फल्लीतेलापेक्षा बरीच जुनी आहे.

पण फक्त पिकतं म्हणून तेल टिकत नाही, ते कढईत चालावंही लागतं. इथे तीन आकडे लक्षात ठेवायचे: १२, १८ आणि २२. तेल बनतं ते कार्बनच्या लांब साखळ्यांचं (फॅटी ॲसिड). खोबरेलात जवळजवळ निम्म्या साखळ्या १२ कार्बनच्या असतात. फल्लीतेलात बहुतेक सगळ्या १८ च्या. आणि आपल्याकडच्या पारंपरिक मोहरीच्या तेलात निम्म्याच्या आसपास २२ च्या. तापल्यावर तेलातून सुट्या झालेल्या साखळ्या वर उडतात, तोच धूर. छोटी साखळी हलकी, ती लवकर उडते. म्हणून न रिफाइन केलेलं खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि मोहरीचं तेल २५० च्या जवळ जाईपर्यंत दम धरतं.

आता केनवडच्या चुलीवर वऱ्हाडी रस्सा करू. तीच फोडणी, तीन तेलांत.

फल्लीतेलात: तेल तापलं, मोहरी टाकली, तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ झाली आणि ती तडतडली. मग जिरं, हिंग, कांदा, वाटण. आच उतरवून तिखट, कारण तिखट तेलाच्या कितीतरी आधी करपतं. मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि वर लाल तर्री येते. या सगळ्यात तेलाने मध्ये मध्ये बोलायचं नसतं, आणि फल्लीतेल तसंच आहे. घाण्याचं असेल तर भाजल्या दाण्याचा मंद वास देतं, बस. डिसेंबरच्या थंडीतही बाटलीत पातळच राहतं.

खोबरेलात: फोडणी होते, पण मोहरी तडतडेपर्यंत थोडं दुर्लक्ष झालं तर धूर. खोबऱ्याचा गोडसर वास काळ्या मसाल्याशी भांडतो. आणि हिवाळ्यात २४-२५ अंशांखाली खोबरेल थिजतं (डोक्याला लावायची बाटली उन्हात ठेवतात ना, तेच). म्हणजे थंड झालेल्या रश्शावर तर्रीऐवजी पांढरी साय. माशाच्या आमटीवर शेवटी सोडलेलं चमचाभर कच्चं खोबरेल मात्र लाजवाब, कारण तिथे त्या वासाचंच काम असतं.

मोहरीच्या तेलात: आधी धुरापर्यंत तापवा, मग थोडं निववा, मग फोडणी. हा जादा उद्योग कशाला? नाकात जाणारा झणका काढायला. तो द्रव्य म्हणून १५० अंशांच्या आसपासच उकळून उडतो. त्यामुळे तेल नीट तापवलं की झणका जातो आणि एक जड, कडसर चव मागे राहते. रोहूच्या कालवणात ती हवीच. आमच्या रश्शात ती सगळ्यांच्या डोक्यावर बसते.

मग तोच झणका आपल्या फोडणीतल्या मोहरीत का नसतो? कारण तो मोहरीत तयार नसतोच. दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा ठेचला आणि पाणी लागलं की ते भेटतात आणि झणका जन्मतो. अख्खा दाणा गरम तेलात टाकला तर त्या दोनांपैकी एक असलेलं एन्झाइमच मरतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, तिखट नाही. आपल्या आज्या मोहरी 'फेसतात', म्हणजे पाणी घालून नाकाला लागेपर्यंत घोटतात, तेव्हा त्या नेमकं हेच करत असतात. आणि बैलघाण्यातही बियांवर थोडं पाणी शिंपडायची पद्धत होती, तेल सुटायला. मोहरीच्या घाण्यात त्या पाण्यानेच झणका येतो. 'कच्ची घानी'चा तोरा तिथून आला!

घाण्यावर आपल्याकडे फार गंभीरपणे काम झालंय. १९३४ साली गांधीजींनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला. तिथल्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी घाणा सुधारला. तो 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेला. तेव्हा लढाई गिरणीशी होती, आज रिफायनरीशी आहे.

इथे नेटवरच्या तक्त्यांबद्दल एक इशारा. एकाच शेंगदाणा तेलाला कुठे १६० तर कुठे २३० अंश लिहिलेलं सापडेल. दोन्ही खरे. सुटी आम्लं नगण्य असतील, जशी रिफाइन्डमध्ये असतात, तर २३०. तीच एक टक्का झाली की १६०. म्हणजे आकडा झाडाचा कमी आणि तेल किती ताजं आहे याचा जास्त. भजी १७०-१८० ला तळतात. ताज्या, नीट गाळलेल्या घाण्याच्या तेलात ती आरामात होतात. पण भज्यांचं पाणी तेलाच्या साखळ्या सुट्या करतं, म्हणून तेच तेल तिसऱ्यांदा चढवलं की आधीपेक्षा लवकर धुरतं, काळवंडतं, फेस धरतं. खोबरेलात तर साबणासारखी चवही येते (साबण त्याच १२ च्या साखळीचा करतात!). आणि उरलेलं खोबरेल दुसऱ्या तेलात मिसळून तळू नका, कढईभर फेस होतो.

पुण्यात हल्ली महागडं घाण्याचं तेल आणून त्यात पुऱ्या तळणारे मित्र आहेत. माझं मत, ते फोडणीला आणि चटणीवर घालायला ठेवा, तळायला रिफाइन्ड घ्या. रिफाइन करताना २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास काढून टाकतात, त्यामुळे वासाचे पैसे तळणीत देण्यात अर्थ नाही.

केनवडला आता चहूकडे सोयाबीन आहे आणि घरोघरी सोयाबीनचं रिफाइन्ड. तेही १८ चंच, म्हणून फोडणीला फरक कळत नाही. कळतो तो डबा उघडा राहिल्यावर. त्यातल्या थोड्या साखळ्या हवेने चटकन बिघडतात आणि रंगासारखा वास येतो. जवसात त्याच साखळ्या निम्म्याहून जास्त असतात. म्हणून जवसाचं तेल रंगाच्या कारखान्यात गेलं, आणि आमच्याकडे जवस अजूनही भाजून, कुटून, चटणी करून भाकरीबरोबर खातात.