छायाचित्रावरून भाजीतील तेलाचा अंदाज : तवंग दिसतो तेवढाच खरा नसतो

बंगळुरूच्या उपाहारगृहांत पुरीसोबत मिळणारा दाट सागू आणि महाराष्ट्रातील मिसळीचा लालभडक कट यांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर अधिक तेल कटात आहे असे कोणीही सांगेल. हा निष्कर्ष चुकीचा ठरण्याची शक्यता मोठी असते. आहाराची नोंद ठेवण्यासाठी ताटाचे छायाचित्र काढण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. मात्र छायाचित्रातून तेलाचा अंदाज घेताना तवंग आणि रश्श्याचा दाटपणा या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

तवंगाचे मोजमाप

तवंगातील तेल म्हणजे त्याने व्यापलेले क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी. आतील व्यास १० सेंटिमीटर असलेल्या वाटीचा पृष्ठभाग सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर भरतो. तवंगाने त्याचा अर्धा भाग व्यापला असेल आणि थर १ मिलिमीटर जाड असेल, तर तेल सुमारे ३.९ मिलिलिटर, म्हणजेच साधारण साडेतीन ग्रॅम होते. जाडी २ मिलिमीटर असेल, तर हेच प्रमाण सात ग्रॅमांवर जाते.

खरी अडचण येथेच आहे. वरून काढलेल्या छायाचित्रात क्षेत्रफळ चांगले दिसते, परंतु जाडी दिसतच नाही. वाटीचा व्यास आधीच पट्टीने मोजून ठेवणे सर्वांत सोयीचे. मापासाठी वाटीशेजारी नाणे ठेवल्यास ते रश्श्याच्या पातळीपेक्षा खाली, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर राहते. त्यामुळे नाणे प्रमाणापेक्षा लहान दिसते आणि वाटी मोठी वाटते.

जाडी मोजण्यासाठी रस्सा सरळ काठांच्या पारदर्शक पेल्यात ओतून दहा मिनिटे स्थिर ठेवावा व डोळ्यांच्या पातळीवरून छायाचित्र घ्यावे. पेल्याचा आतील व्यास ६ सेंटिमीटर आणि वरचा थर ४ मिलिमीटर असेल, तर त्यात सुमारे ११ मिलिलिटर तेल आहे.

रंगावरून जाडी ठरवणे धोक्याचे आहे. मिरचीतील लाल रंगद्रव्ये तेलात विरघळतात. कर्नाटकातील ब्याडगी मिरचीसारख्या गडद रंगाच्या मिरचीमुळे पातळ थरही दाट भासतो. दिव्याचे प्रतिबिंब पडून चमकणारा ओला पृष्ठभागही तेलकट वाटू शकतो.

दाट रश्श्यात लपलेले तेल

तेलाचे थेंब पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. मात्र त्यांचा वेग थेंबाच्या आकारावर आणि रश्श्याच्या दाटपणावर अवलंबून असतो. थेंबाचा व्यास निम्मा झाला, तर वर येण्याचा वेग चौथाई होतो. रस्सा दाट झाला की तो आणखी मंदावतो. खोबरे, काजू, शेंगदाणे किंवा कांद्याच्या वाटणात तेल बारीक थेंबांच्या रूपाने अडकून राहते व तवंग येत नाही. शिवाय खोबरे आणि काजू यांत स्वतःची स्निग्धता असते. ती फोडणीच्या तेलात मोजली जात नाही, पण आहारात मात्र येतेच.

उदाहरण घेऊ. घरी चार वाट्या सागू करताना ६० मिलिलिटर तेल घातले आणि सर्व सागूत समान मिसळले, तर प्रत्येक वाटीत १५ मिलिलिटर, म्हणजे जवळपास १४ ग्रॅम तेल येते. छायाचित्रात कडेला दोन-चार थेंब दिसतील एवढेच. हेच १५ मिलिलिटर तेल पातळ रश्श्यातून पूर्ण वेगळे होऊन १० सेंटिमीटरच्या वाटीवर पसरले असते, तर जवळपास २ मिलिमीटरचा सलग थर दिसला असता. म्हणजे निम्म्या तवंगाच्या कटापेक्षा तवंग नसलेल्या सागूत दुप्पट किंवा चौपट तेल असू शकते.

दाट पदार्थातील तेलाची एक खूण म्हणजे चमच्याने ओढलेली रेघ. रेघेत तेल झिरपून जमत असेल, तर मिश्रण तेलाने भरलेले आहे. रेघ कोरडी राहिली, तरी तेल कमी आहे असे मात्र सिद्ध होत नाही. थंडीचाही परिणाम होतो. खोबरेल तेल सुमारे २४ अंश सेल्सियसखाली गोठू लागते. बंगळुरूच्या हिवाळ्यात रात्री थंड झालेल्या भाजीवर ते पांढरट कणांसारखे दिसते व तवंग नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

नोंद कशी करावी

या कारणांमुळे छायाचित्रावरून मिळणारा आकडा पातळ रश्श्यासाठी अंदाज, तर दाट रश्श्यासाठी केवळ किमान प्रमाण मानावा. नोंदीत "किमान अमुक ग्रॅम" असे लिहिणे योग्य. घरच्या स्वयंपाकात अचूक मार्ग सोपा आहे : फोडणीपूर्वी व नंतर तेलाची बाटली काट्यावर ठेवून वजनातील फरक पाहावा आणि तो वाट्यांच्या संख्येने भागावा.

हा फरक किरकोळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला तेल-तुपाचे प्रमाण २७ ग्रॅम सुचवले आहे. वरील सागूची एक वाटी त्यातील निम्मा वाटा घेते, छायाचित्रात तवंग दिसो वा न दिसो.