प्रवेश रद्द केला, पण मूळ कागदपत्रे विद्यापीठाकडेच?

प्रवेशाच्या वेळी दिलेली दहावी-बारावीची मूळ गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सोडल्यानंतर विद्यापीठ परत देत नाही, ही तक्रार जुनीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००७ मध्येच या प्रकाराविरुद्ध जाहीर सूचना काढली होती. २०१८ च्या अधिसूचनेत आयोगाची भाषा अधिक कडक झाली. मूळ कागदपत्रे प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यासमोर तपासावीत, साक्षांकित प्रती ठेवून मूळ प्रती लगेच परत कराव्यात आणि कोणत्याही सबबीखाली त्या संस्थेच्या ताब्यात ठेवू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. एखाद्या प्रमाणपत्राबद्दल शंका असल्यास ते देणाऱ्या मंडळाकडे विचारणा करावी. शंका हेसुद्धा कागदपत्र अडकवण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रत्यक्षात काय घडते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. नगरजवळच्या केडगावातील एका विद्यार्थिनीने पुणे परिसरातील खासगी विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वर्षाचे शुल्क १ लाख २० हजार रुपये भरले. पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाल्याने तिने हा प्रवेश रद्द केला. तेव्हा ‘उरलेल्या दोन वर्षांचे २ लाख ४० हजार भरा, मग कागदपत्रे न्या’ असे तिला खिडकीवर तोंडी सांगण्यात आले. या मागणीला आधार नाही. ज्या सत्राचे किंवा वर्षाचे शिक्षण घ्यायचे आहे, त्यापुढचे शुल्क आगाऊ घेण्यास याच अधिसूचनेने मनाई केली आहे.

येथे पालकांची पहिली चूक होते ती बोलण्यावर विसंबण्याची. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. शिक्का नाकारल्यास तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ई-मेलनेही पाठवावा. पत्त्यात जिल्हा व पिनकोड लिहिण्यास विसरू नये. दौंड तालुक्यातही एक केडगाव असल्याने उत्तर भलतीकडे जाण्याची शक्यता राहते. अर्जात अडकलेल्या प्रत्येक कागदपत्राचे नाव व क्रमांक द्यावा. कागदपत्रे जमा केल्याची पावती नसेल, तर ती कोणत्या अटीवर परत मिळतील, असे ई-मेलने विचारावे. ‘आधी थकबाकी भरा’ असे लेखी उत्तर आले, तर कागदपत्रे विद्यापीठाकडेच आहेत, याचा तोच उत्तम पुरावा ठरतो.

दाद न मिळाल्यास तक्रार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे करावी. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. निर्णय मान्य नसल्यास तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते आणि लोकपालांनी ३० दिवसांत ते निकाली काढणे अपेक्षित आहे. ‘प्रवेश रद्द केला, आता तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला करावयाचा नाही त्याचे शुल्क उकळण्यासाठी कागदपत्रे अडवून ठेवणे, हे विनियमांतील ‘तक्रारी’च्या व्याख्येतच समाविष्ट आहे. आयोगाच्या ‘ई-समाधान’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते.

शुल्क परताव्याचा प्रश्न मात्र वेगळा ठेवावा. तो तारखांवर अवलंबून असतो. २०१८ च्या तक्त्यानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांच्या आत अर्ज केल्यास ८० टक्के, म्हणजे वरील उदाहरणात ९६ हजार रुपये, परत मिळतात. १६ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. काही वर्षी आयोगाने याहून उदार सवलत दिली असल्याने त्या वर्षाचे परिपत्रक पाहावे. तांत्रिक व वैद्यकीय अभ्यासक्रमांचे नियम स्वतंत्र आहेत. परतावा शून्य असला तरी कागदपत्रांवरील हक्क कमी होत नाही.

म्हणूनच कागदपत्रे देताना ‘शुल्काबाबत कोणतीही मागणी नाही’ अशा छापील मजकुरावर सही मागितली गेल्यास सावध राहावे. ‘शुल्काबाबतचा हक्क राखून मूळ कागदपत्रे मिळाली’ असे लिहून सही करावी.

दरम्यान दुसऱ्या महाविद्यालयाची मुदत संपत असेल, तर डिजिलॉकरमधील गुणपत्रक कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचे आहे, हे तेथे लेखी निदर्शनास आणावे. गुणपत्रकाची दुय्यम प्रत नगर जिल्ह्यासाठी पुणे विभागीय मंडळाकडून मिळू शकते. मात्र ती लवकर मिळावी म्हणून ‘मूळ प्रत हरवली’ असे खोटे प्रतिज्ञापत्र करण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. प्रत हरवलेली नसून अडवून ठेवली आहे, हाच तर तक्रारीचा पाया असतो, आणि विरुद्ध बाजूच्या हाती असे प्रतिज्ञापत्र पडले की ती तक्रारच कोलमडते.