ज्या कामात हातखंडा, तेच काम हातातून का जाई? वॉटर्लूच्या कारखान्यातील हिशेबाची गोष्ट (थ्रेड)

१/ इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह आणि राजवटी आठवतात. आजची गोष्ट मात्र एका हिशेबाच्या वहीची आहे. तीत एक भागाकार होता. गणित म्हणून तो अचूक होता, आणि तरीही तो एका मोठ्या कारखान्याला अनेक वर्षे चुकीची वाट दाखवत राहिला.

२/ स्थळ : अमेरिकेच्या आयोवा राज्यातील वॉटर्लू. हिरव्या-पिवळ्या ट्रॅक्टरांमुळे जॉन डिअर हे नाव आपल्याकडेही परिचित आहे. पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे. मूळ लोहार जॉन डिअर याने १८३७ साली पोलादी नांगरापासून सुरुवात केली. १९१८ साली या कंपनीने वॉटर्लूची एक इंजिन बनवणारी कंपनी विकत घेतली आणि ती ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. पुढे वॉटर्लूतच सुटे भाग घडवणारा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्याचे नाव जॉन डिअर कंपोनंट वर्क्स.

३/ या विभागात पोलादी सळईपासून छोटे भाग कातणारी स्वयंचलित यंत्रे होती. एकाच यंत्रावर अनेक स्पिंडल, प्रत्येकावर वेगळी क्रिया. एकदा यंत्र लागले की ते हजारो नग सहज काढी. ते लावणे मात्र किचकट होते. हत्यारे बदलायची, यंत्र जुळवायचे, पहिले काही नग काढून मापे तपासायची आणि मगच खरे काम सुरू करायचे. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये याला ‘सेटिंग’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

४/ १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील शेतकरी कर्जात बुडू लागला आणि ट्रॅक्टरची मागणी कोसळली. कंपनीच्या घरच्या ट्रॅक्टर कारखान्यांना आता सुटा भाग स्वस्तात हवा होता, मग तो बाहेरून का मिळेना. त्यामुळे कंपोनंट वर्क्सला आपल्याच घरातील कामासाठी बाहेरच्या छोट्या कारखानदारांशी दराची स्पर्धा करावी लागली.

५/ १९८४ साली या विभागाने अशा २७५ भागांसाठी दर दिले. त्यांपैकी अवघ्या ५८ भागांत त्यांचा दर सर्वांत कमी ठरला.

६/ हार झाली, एवढ्यावर कोणी म्हणेल की कारखाना महागडा आहे, संपला विषय. पण हरलेल्या आणि जिंकलेल्या भागांच्या याद्या शेजारी ठेवल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. मोठ्या संख्येने लागणारे भाग, ज्यांच्यासाठी ती अवजड यंत्रे मुळात घेतली होती, ते बाहेर चालले होते. आणि थोडेथोडके लागणारे किरकोळ भाग, ज्यांच्यासाठी यंत्र वारंवार थांबवून पुन्हा लावावे लागे, ते कारखाना जिंकत होता. पट्टीच्या पैलवानाने कुस्तीत हरावे आणि भरतकामात पहिले यावे, असा हा प्रकार.

७/ दोष कामगारांत नव्हता, यंत्रांतही नव्हता. तो दर काढण्याच्या रीतीत होता.

८/ वस्तूची किंमत काढताना काही खर्च थेट तिच्या नावावर लिहिता येतात : सळईचे पोलाद, कामगाराची मजुरी. पण पर्यवेक्षक, भांडार, माल हलवणारे, तपासनीस, नियोजन विभागातील कारकून यांचा पगार कोणत्या नगाच्या नावावर लिहायचा? हा झाला वरखर्च, म्हणजे ‘ओव्हरहेड’. जुनी रीत सोपी होती. सगळा वरखर्च एका राशीत घालायचा, त्याला मजुरीच्या एकूण तासांनी भागायचे आणि ज्या वस्तूला जितके तास लागले तितका वाटा तिच्या माथी मारायचा.

९/ ही रीत मूर्खपणाची नव्हती. ती रुळली तेव्हा कारखान्यात मजुरीचा खर्च मोठा आणि वरखर्च तुलनेने लहान असे, मजुरीच्या नोंदी आयत्या मिळत आणि सगळी आकडेमोड हाताने करावी लागे. तरीही शंका घेणारे होतेच. अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या इंग्रज अभियंत्याने १९०१ सालीच लेखमाला लिहून सरसकट सरासरीच्या या वाटपावर टीका केली होती. तेव्हा ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. पुढे यंत्रे वाढली, मजुरी घटली, वरखर्च फुगला. भागाकार मात्र तोच राहिला.

१०/ आता एक उदाहरण सोडवून पाहू. यातील आकडे सोयीसाठी मी कल्पिले आहेत, वॉटर्लूचे नाहीत. समजा, एका कारखान्यात दोनच भाग बनतात. ‘मोठा’ भाग महिन्याला १०,००० नग, ५,००० च्या २ खेपांत. ‘किरकोळ’ भाग महिन्याला १,००० नग, १०० च्या १० खेपांत. दोन्ही भागांच्या प्रत्येक नगाला मजुरी सारखीच, ६ मिनिटे. म्हणजे १,००० तास आणि १०० तास, एकूण १,१०० तास. महिन्याचा वरखर्च २६,४०० डॉलर.

११/ जुन्या रीतीने : २६,४०० भागिले १,१०० म्हणजे तासाला २४ डॉलर. सहा मिनिटांचे २ डॉलर ४० सेंट. दोन्ही भागांच्या प्रत्येक नगावर तेवढाच वरखर्च. न्याय झाल्यासारखा वाटतो.

१२/ आता त्या २६,४०० च्या आत डोकावू. समजा, त्यातील १३,२०० यंत्रे चालवण्यात जातात. उरलेले १३,२०० मात्र नगांसाठी खर्चच होत नाहीत. ते खेपेसाठी होतात : सेटिंग करणारा कारागीर, खेपेचा हुकूम काढणारा कारकून, माल आणून देणारा गडी, पहिला नग तपासणारा तपासनीस. खेप १०० नगांची असो वा ५,००० ची, ही माणसे तेवढेच काम करतात. महिन्यात एकूण १२ खेपा, म्हणजे प्रत्येक खेपेला १,१०० डॉलर.

१३/ मग नवा हिशेब असा. यंत्राचा खर्च तासाला १२ डॉलर, म्हणजे दोन्हींवर नगामागे १.२० डॉलर. खेपेचा खर्च : मोठ्या भागाच्या २ खेपांचे २,२०० डॉलर १०,००० नगांवर पसरले, नगामागे ०.२२. किरकोळ भागाच्या १० खेपांचे ११,००० डॉलर १,००० नगांवर, नगामागे ११. एकूण वरखर्च मोठ्या भागावर १.४२ डॉलर आणि किरकोळ भागावर १२.२० डॉलर.

१४/ जुन्या वहीत दोन्ही २.४० होते! बेरीज करून पाहा : १४,२०० अधिक १२,२००, बरोबर २६,४००. एक पैसाही वाढला वा घटला नाही. फक्त ज्याने खर्च करायला लावला, त्याच्या नावावर तो गेला. जुन्या वहीत मोठा भाग किरकोळ भागाचे बिल मुकाट्याने भरत होता. म्हणून त्याचा दर फुगे आणि बाहेरचा कारखानदार ते काम घेऊन जाई. किरकोळ भाग स्वस्त दिसे, म्हणून तो आपल्याकडेच राही.

१५/ यातील खरी भीती पुढे आहे. मोठे काम गेले तरी पर्यवेक्षक, इमारत, भांडार तिथेच राहतात. तोच वरखर्च आता कमी तासांवर वाटला जातो, दर चढतो आणि पुढची निविदा हरते. मग आणखी काम जाते. वही प्रामाणिकपणे लिहिता लिहिताच कारखाना ओस पडू शकतो.

१६/ वॉटर्लूच्या लोकांनी आधी सुधारणा केली नव्हती असे नाही. मजुरीच्या जोडीला त्यांनी यंत्राचा वेळही वाटपाचा आधार म्हणून घेतला होता. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. कारण मजुरी आणि यंत्राचा वेळ हे दोन्ही नगांच्या संख्येबरोबरच वाढतात. माप अधिक बारीक झाले, पण खेपेचा खर्च मोजणारे माप अजून नव्हतेच.

१७/ तेव्हा कीथ विल्यम्स आणि त्यांच्या हिशेबनीस सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला. खर्च कसा वाटायचा, हे न विचारता ती माणसे दिवसभर नेमके काय करतात, हे त्यांनी शोधले. वरखर्चाचे त्यांनी सात कृतींत विभाजन केले : मजुरांना लागणारे साहाय्य, यंत्रे चालवणे, सेटिंग, उत्पादनाचे हुकूम, मालाची हलवाहलव, प्रत्येक भागाच्या नोंदी सांभाळणे आणि सर्वसाधारण प्रशासन. प्रत्येक कृतीला वेगळे माप. सेटिंगला तास, हुकुमांना त्यांची संख्या, हलवाहलवीला खेपा. यालाच पुढे ‘ॲक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग’, कृतीवर आधारित परिव्यय असे म्हणू लागले. हे नाव याच कारखान्यातून रूढ झाले, असे मानतात.

१८/ हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट कॅप्लान यांच्यामुळे १९८७ साली ही हकिगत हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात केस म्हणून पोहोचली. १९८८ साली रॉबिन कूपर आणि कॅप्लान यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ही रीत उद्योजकांपुढे मांडली. हिशेबनीसांच्या बंद खोलीतील विषय संचालकांच्या टेबलावर आला.

१९/ पण ही जादूची कांडी नव्हती. वर्गात हे शिकवताना पुष्कळदा पुढचा भाग गाळला जातो.

२०/ पहिली अडचण मोजण्याची. कोणत्या कामात किती वेळ जातो, हे माणसांना विचारावे लागे. लोक जी उत्तरे देत त्यांची बेरीज जवळजवळ नेहमी शंभर टक्के येई. ‘माझा पाचवा हिस्सा वेळ रिकामा जातो’ असे साहेबापुढे कोण सांगेल? त्यामुळे रिकाम्या क्षमतेचा खर्चही वस्तूंच्या अंगावर चढे. शिवाय कारखाना बदलला की सगळी विचारपूस पुन्हा करावी लागे. अनेक कंपन्यांनी ही पद्धत हौसेने आणली आणि कंटाळून सोडली. २००४ साली कॅप्लान यांनीच स्टीव्हन अँडरसन यांच्यासह तिचे सुटसुटीत रूप सुचवले : एका कामाला किती मिनिटे लागतात आणि एका मिनिटाचा खर्च किती, एवढेच पाहायचे. न वापरलेली मिनिटे मग आपोआप वेगळी दिसतात.

२१/ दुसरी अडचण मूळ तत्त्वाचीच. कारखान्याच्या इमारतीचा कर किंवा मुख्य व्यवस्थापकाचा पगार कोणत्याही नगामुळे वा खेपेमुळे वाढत नाही. तो वाटण्याचे न्याय्य माप सापडणारच नाही. सात कृतींतील शेवटची, सर्वसाधारण प्रशासन, ही त्याच जातीची होती.

२२/ आणि तिसरी, सर्वांत फसवी. वर आपण म्हटले, खेपेला १,१०० डॉलर. म्हणून महिन्यात ३ खेपा कमी केल्या की ३,३०० डॉलर वाचले का? लगेच नाही. सेटिंगचा कारागीर पगारावर आहे. खेपा घटल्या तर तो फक्त मोकळा बसेल. त्याला दुसरे काम दिले, किंवा जागा रिकामी झाल्यावर ती भरलीच नाही, तरच पैसे वाचतात. कृतीचा खर्च वहीत एका रात्रीत हलतो, कारखान्यात हलायला महिने लागतात.

२३/ जाता जाता त्या किरकोळ भागाबद्दल. १२.२० चा आकडा पाहून तो बंद करावा, असे कोणालाही वाटेल. पण आणखी एक वाट असते : त्याच्या १० खेपांच्या ऐवजी ५ खेपा काढायच्या, २०० नगांच्या. खेपेचा खर्च तोच धरला, तर नगामागे वरखर्च ६.७० डॉलरवर येतो. बदल्यात भांडारात माल जास्त दिवस पडून राहतो. ही देवघेव जुन्या वहीत दिसतच नव्हती, कारण तीत खेप नावाचा रकानाच नव्हता.