धंदा बंद झाल्यावर न्यूजलेटरची शेवटची ओळ कशी लिहावी?

व्यवसाय बंद करताना ग्राहकांना जाणारं शेवटचं न्यूजलेटर अनेकजण फक्त वरवर चाळतात. लक्षात राहते ती शेवटची ओळ. म्हणून काय संपलं आणि पुढे काय, या दोन्ही गोष्टी तिच्यात स्पष्ट असायला हव्यात.

क्रियापद जपून निवडा

मराठीत ‘बंद’ हा शब्द टाळायची जुनी सवय आहे. दुकान बंद करण्याला आपण ‘दुकान वाढवणं’ म्हणतो. पण ‘आम्ही दुकान वाढवलं’ असं मोबाइलवर वाचणाऱ्याला नवी शाखा उघडली असं वाटू शकतं. ‘सेवा थांबवली’ यातून ती पुन्हा सुरू होईल असा अर्थ निघतो. ‘कायमची बंद केली’ असं लिहिलं की शंका उरत नाही.

‘कू’चं उदाहरण

मराठीतही चालणारं ‘कू’ हे भारतीय सोशल मीडिया ॲप जुलै २०२४ मध्ये बंद झालं. संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी लिंक्डइनवर तसं जाहीर केलं. भागीदारीची बोलणी फिसकटल्याचं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. शेवटी, आपण उद्योजक आहोत आणि पुन्हा मैदानात दिसू, असं लिहून पिवळ्या पक्ष्याच्या नावाने निरोप घेतला. ‘कू’ परत येईल असं मात्र म्हटलं नाही. परतण्याची गोष्ट माणसांबद्दल होती, ॲपबद्दल नव्हती.

एक ओळ घडवून पाहू

समजा, नाशिकमध्ये कोणी चार वर्षं घरपोच भाजीची सेवा चालवली आणि ती बंद केली.

पहिला प्रयत्न: ‘हा शेवट नाही, नवी सुरुवात आहे.’ इथे सेवा बंद झाली हेच कळत नाही. ‘मग उद्या भाजी येणार का?’ असे प्रश्न आले, तर ओळ फसली असं समजावं.

दुसरा प्रयत्न: ‘सगळं संपलं, माफ करा.’ हे खरं वाटतं, पण पुढचं काहीच सांगत नाही.

तिसरा प्रयत्न: ‘चार वर्षं चालवलेली भाजीची सेवा ३१ मार्चला कायमची बंद केली, याचं दुःख आहे, शेतकऱ्यांकडून थेट माल आणायचं जे काम शिकलो, तेच जूनपासून एका शेतकरी कंपनीत करणार आहे.’

यात तारीख आहे, दुःख एकदाच आहे आणि पुढचं पाऊल आधीच ठरलेलं आहे. काहीच ठरलं नसेल, तर ‘पुढचं अजून ठरलेलं नाही, ठरलं की याच पत्त्यावरून एकदा कळवेन’ एवढं पुरे.

शेवटच्या ओळीत काय नको?

आगाऊ भरलेले पैसे कधी परत मिळतील, हे त्या ओळीच्या आधी, वेगळ्या परिच्छेदात रक्कम आणि तारखेसह लिहा. ज्याचे पैसे अडकलेत, त्याला ते कळल्याशिवाय तुमच्या पुढच्या बेतात रस नसतो.