‘पूर्णविराम’ लिहायचा की द्यायचा?

वर्गात श्रुतलेखन चालू आहे. गुरुजी सांगतात, “वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यावा पूर्णविराम.” मुलगा पहिला ‘पूर्णविराम’ अक्षरांत लिहितो आणि दुसऱ्याच्या जागी नुसता टिंब देतो. त्याला हे कसे कळले? वाक्याचा अर्थ, गुरुजींचा किंचित बदललेला सूर आणि मधला क्षणभराचा थांबा, यांवरून. आवाज ऐकून लिहिणारे यंत्र करायला निघालेल्यांना हीच गोष्ट फार जड गेली. टंकयंत्रावर अक्षरांच्या कळा वेगळ्या आणि मागे सरकण्याची कळ वेगळी असते. बोलताना मात्र मजकूर आणि आज्ञा एकाच तोंडातून बाहेर पडतात.

अमेरिकेत आयबीएमच्या संशोधन केंद्रातील जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या विषयावरचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. भरपूर शब्द ओळखणारे यंत्र तेव्हा तयारच नव्हते. म्हणून त्यांनी ते चक्क माणसाकडून वठवून घेतले. एका खोलीत पडद्यासमोर बसून माणसाने पत्र सांगायचे आणि दुसऱ्या खोलीत बसलेल्या टंकलेखकाने ते टाइप करायचे. ठरलेल्या यादीबाहेरचा शब्द आला, की पडद्यावर त्या शब्दाऐवजी फुल्या उमटत आणि मग त्या शब्दाची एकेक अक्षराने फोड करून सांगावी लागे. शेवटचा शब्द खोडायची आज्ञा होती ‘नट्स’. इंग्रजीत हा वैतागाचा उद्गार आहे, आपल्या ‘छे!’सारखा. कामकाजाच्या पत्रात तो सहसा येत नाही, म्हणून घोटाळ्याचा संभव कमी. आज्ञेसाठी असा आडवळणाचा शब्द निवडणे हा पहिला उपाय झाला. पण अशा विचित्र शब्दांची यादी पाठ कोण करणार?

दुसरा उपाय थांब्याचा. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याच्या ड्रॅगन सिस्टिम्स या कंपनीने १९९० मध्ये विक्रीला आणलेल्या प्रणालीपुढे प्रत्येक शब्द सुटा सुटा उच्चारावा लागे. १९९७ च्या त्यांच्या ‘नॅचरली स्पीकिंग’मध्ये मात्र सलग बोलता येऊ लागले आणि त्यामुळे थांब्याला अर्थ आला. ‘स्क्रॅच दॅट’ म्हणजे ‘ते खोडा’. या आज्ञेच्या आधी आणि नंतर थोडे थांबले, तर नुकताच बोललेला तुकडा पुसला जाई. न थांबता म्हटले, तर तेच दोन शब्द मजकुरात जाऊन बसत! उलट, आज्ञेच्या मध्येच अडखळले तरी तिचे दोन तुकडे होऊन ती मजकूर ठरे. विरामचिन्हांना हा नियम लावून चालणार नव्हते, कारण ती बोलण्याच्या ओघातच सांगावी लागतात. तिथे शेजारच्या शब्दांवरून संभाव्यता पाहिली जाई. एवढे करूनही शंका उरलीच, तर कंट्रोलची कळ दाबून बोलले, की ती आज्ञा. शिफ्ट दाबून बोलले, की तो मजकूर. म्हणजे शेवटी मदतीला बोटेच आली.

मजकुराच्या मधली दुरुस्ती याहून अवघड. तिथे ‘सिलेक्ट’ म्हणून पुढे हवे ते शब्द उच्चारायचे. यंत्र पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांतच शोध घेई, त्यामुळे पर्याय कमी होत आणि अंदाज बरोबर येई. पण तोच शब्द दोनदा आला असेल, तर भलतीच जागा निवडली जाण्याची भीती असे.

याची खरी किंमत १९९९ मध्ये कळली. क्लेअर-मरी कॅराट आणि सहकाऱ्यांनी अशा प्रणाली नवख्या माणसांच्या हाती देऊन मोजमाप केले. समोरचा मजकूर उतरवताना, दुरुस्त्या धरून, बोलण्याचा वेग मिनिटाला १३.६ शब्द पडला. कळफलक आणि माउसचा ३२.५. बोलण्यात मिळवलेला वेळ खोडण्यात गेला होता. शब्द चुकला, की माणूस तोच शब्द पुन्हा म्हणतो. पुन्हा चुकला, की जोरात आणि तोडून तोडून म्हणतो. यंत्र तर नेहमीच्या बोलण्यावर तयार केलेले असते, त्यामुळे ताणलेला उच्चार त्याला आणखीच परका वाटतो. त्यात खोडण्याची आज्ञाच चुकीची ऐकली गेली, तर आता दोन चुका खोडायच्या! अशा वेळी चुकलेला एकच शब्द पुन्हा म्हणण्यापेक्षा मागच्यापुढच्या दोन-तीन शब्दांसह सगळा तुकडा खोडून सहज स्वरात म्हणावा. शेजारचे शब्द मिळाले, की यंत्राला अंदाज बांधायला आधार मिळतो.

मराठीत बोलून लिहिण्याची सोय गूगलने २०१७ मध्ये दिली. विरामचिन्हे न सांगताच घालणारी यंत्रे काही भाषांत आज आहेत. ती शब्दांची जुळणी आणि थांबे पाहतात. पण मराठीत ‘तू जेवलास.’ आणि ‘तू जेवलास?’ यांतले शब्द तेच, क्रमही तोच. फरक फक्त शेवटी चढणाऱ्या स्वराचा. नुसते शब्द पाहणाऱ्या यंत्राला इथे काहीच हाती लागत नाही, म्हणून अशा यंत्रापुढे ‘प्रश्नचिन्ह’ हा शब्द तोंडानेच म्हणावा लागतो.