चौकशी आयोग (भारत)

चौकशी आयोग म्हणजे सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या निश्चित बाबीतील वस्तुस्थिती शोधून काढण्यासाठी केंद्र किंवा राज्य सरकारने 'चौकशी आयोग अधिनियम, १९५२' अन्वये नेमलेली संस्था होय. आयोगाच्या अध्यक्षपदी बहुधा आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. तथापि आयोग हे न्यायालय नव्हे.

अधिकार

अधिनियमाच्या कलम ४ नुसार आयोगास दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात. तो साक्षीदारांना समन्स काढून हजर करू शकतो, शपथेवर त्यांची तपासणी करू शकतो, तसेच कागदपत्रे व सरकारी अभिलेख मागवू शकतो. चौकशीमुळे ज्याच्या प्रतिष्ठेला बाध येण्याचा संभव असेल, अशा व्यक्तीस आपली बाजू मांडण्याची संधी देणे कलम ८ब नुसार आवश्यक आहे. मात्र कोणालाही शिक्षा ठोठावण्याचा किंवा भरपाई देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार आयोगास नाही.

निष्कर्षांचा कायदेशीर दर्जा

रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्या. तेंडोलकर (१९५८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आयोगाचे काम वस्तुस्थिती शोधून शिफारशी करण्याचे असून त्याच्या अहवालाची अंमलबजावणी आपोआप होत नाही. अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे किंवा संसदेपुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. निष्कर्ष स्वीकारणे बंधनकारक नाही.

कलम ६ अन्वये, आयोगापुढे साक्षीदाराने दिलेले निवेदन पुढे दिवाणी किंवा फौजदारी कार्यवाहीत त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याबद्दलचा खटला एवढाच याला अपवाद आहे. या संरक्षणामुळे साक्षीदार मोकळेपणाने बोलू शकतो. परंतु त्यामुळेच आयोगाने एखाद्यास दोषी मानले, तरी पोलिसांना स्वतंत्र तपास करून न्यायालयात नव्याने पुरावा सादर करावा लागतो.

उदाहरण : श्रीकृष्ण आयोग

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबई दंगलींच्या चौकशीसाठी महाराष्ट्र शासनाने जानेवारी १९९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. जानेवारी १९९६ मध्ये नव्या सरकारने तो बरखास्त केला. कलम ७ नुसार, पुढील चौकशी अनावश्यक वाटल्यास सरकारला तसे करता येते. मे १९९६ मध्ये आयोगाचे पुनरुज्जीवन करण्यात आले आणि मार्च १९९३ मधील बॉम्बस्फोटांचा विषयही त्याच्या कार्यकक्षेत घालण्यात आला. फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झालेला अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विधिमंडळात मांडण्यात आला. त्यातील प्रमुख निष्कर्ष सरकारने अमान्य केले.

सुलेमान उस्मान बेकरीतील पोलीस गोळीबाराबाबत आयोगाने पोलिसांवर ठपका ठेवला होता. या प्रकरणी २००१ मध्ये गुन्हा नोंदवण्यात आला. मात्र पुढे न्यायालयाने काही पोलीस अधिकाऱ्यांना आरोपमुक्त केले. आयोगाचा ठपका आणि न्यायालयातील दोषसिद्धी या दोन भिन्न बाबी आहेत, हे या प्रकरणातून दिसून येते.