जुन्या फोटोवरची तारीख पुसायची, पण डाग न पडता; मोबाइलवर कसे करावे?

घरातल्या वर्षश्राद्धाला किंवा लग्नाच्या पन्नाशीला जुना फोटो मोठा करून फ्रेम करायचा असतो. नेमक्या त्याच फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत तारीख छापलेली असते. साधारण २००० नंतर गावोगावी आलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांत तारीख छापण्याची सोय असायची आणि अनेकांनी ती कधी बंदच केली नाही. आता त्या प्रिंटवरून स्कॅन करून तारीख पुसायला गेले की आकडे जातात, पण त्या जागी पाण्याने पुसल्यासारखा फराटा उमटतो. फ्रेम मोठी केली की तोच आधी डोळ्यात भरतो.

फराटा का पडतो ते आधी पाहू, म्हणजे पुढचे सोपे जाते. आकड्यांखाली जे होते ते फोटोत कुठेच शिल्लक नसते. पुसणारे ॲप शेजारची जागा बघून तिथे अंदाजाने भरणा करते. अडचण अशी की केशरी रंग फक्त आकड्यापुरता नसतो. कॅमेऱ्याने फोटो जेपीजीमध्ये दाबून साठवताना तो रंग आजूबाजूला थोडा पसरतो, आणि स्कॅन करताना आणखी पसरतो. नुसता आकडा पुसला तर भोवतीची ही केशरी छटा तशीच राहते, आणि ॲप तीच ओढून मधे भरते. बरेचसे फराटे इथूनच येतात.

म्हणून सुरुवात स्कॅनपासून करावी. चार बाय सहा इंचाची प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगावी. सेवा केंद्रात सहसा पीडीएफ करून देतात. ती घेऊ नये, पीएनजी फाइल मागावी. व्हॉट्सॲपवर पाठवायला लावली तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावावी. फोटो म्हणून आली की ती पुन्हा दाबली जाते आणि छटा अजून पसरते. स्कॅनरची काच आणि प्रिंट मऊ कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, नाहीतर धुळीचे कणही पुसत बसावे लागतात.

मोबाइलवर Snapseed हे फुकट ॲप या कामाला पुरते. मूळ स्कॅनला हात न लावता त्याची कॉपी उघडावी. आधी Tune Image मध्ये जाऊन Saturation पूर्ण वाढवून पाहावे. फोटो भडक दिसेल, पण केशरी छटा आकड्याच्या बाहेर किती गेली आहे ते स्वच्छ कळेल. ते बघून ठेवावे आणि बदल सेव्ह न करता मागे यावे. पुसताना बोट तेवढ्या रुंदीने फिरवायचे असते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा २००४ च्या दिवाळीतला फोटो आहे, आजी-आजोबा अंगणात जाजमावर बसलेत. उजव्या कोपऱ्यात 12/11/2004 अशी तारीख आहे. पहिले 12/11/ सारवलेल्या अंगणावर पडले आहे, पुढचे 200 जाजमाच्या पट्ट्यांवर आणि शेवटचा 4 आजीच्या लुगड्याच्या काठावर. तारीख एकच असली तरी तिच्याखाली तीन वेगळे पृष्ठभाग आहेत, त्यामुळे एका दमात बोट फिरवून चालणार नाही.

अंगणाचा भाग सर्वात सोपा. Healing हे टूल उघडून दोन बोटांनी फोटो मोठा करावा. या टूलचा ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, त्यामुळे जितके झूम कराल तितकी कमी जागा पुसली जाते. आकडा आणि त्याभोवतीची छटा एवढेच झाकेल इतके झूम करावे. डावीकडच्या टोकापासून म्हणजे 1 पासून सुरू करावे, कारण त्याच्या डावीकडे मोकळे अंगण आहे आणि ॲपला भरायला चांगला माल मिळतो. एक आकडा झाला की बोट उचलावे, मग पुढचा. मधूनच सुरुवात केली तर ॲप कधीकधी शेजारचाच आकडा उचलून चिकटवते. तसे झाले तर त्यावर पुन्हा घासत बसू नये. मागे घ्यायचा बाण दाबून दुसऱ्या बाजूने प्रयत्न करावा. एकाच जागी चार-पाच वेळा घासले की सारवणाचा खडबडीतपणा जातो आणि गुळगुळीत चट्टा राहतो.

जाजमावर पट्टे आहेत. इथे बोट पट्ट्याच्या दिशेने, एका वेळी एकाच पट्ट्यावर फिरवावे. आडवे फिरवले की दोन रंग एकमेकांत मिसळतात. पट्टा वाकडा जोडला गेला तर मागे घेऊन आणखी झूम करावे.

लुगड्याच्या काठावर मात्र मोबाइलचा हट्ट सोडलेला बरा. Healing भोवतालच्या रंगांशी जुळवून घेते, त्यामुळे जिथे गडद काठ आणि फिके अंगण भेटतात तिथे गडद रंग बाहेर ओघळतो. तिथे जशीच्या तशी नक्कल करणारे टूल लागते. कॉम्प्युटरवर GIMP हा फुकट प्रोग्राम आहे, त्यात Clone टूल घ्यावे. त्याच काठाचा पण आकडा नसलेला भाग शोधून तिथे Ctrl दाबून क्लिक करावे, मग 4 वर ब्रश मारावा. नमुना लांबून घेऊ नये. फ्लॅशचा उजेड कडेकडे कमी होत जातो, त्यामुळे फोटोच्या मधला काठ उजळ असतो आणि कोपऱ्यात ठिगळ दिसते. ब्रशची कड मऊ ठेवावी. गावातल्या स्टुडिओवाल्याकडून करून घ्यायचे असेल तर एवढाच भाग त्याच्याकडे द्यावा, पैसेही कमी लागतील.

झाल्यावर तपासणी. Details मधले Structure थोडा वेळ पूर्ण वाढवून पाहावे. पुसलेली जागा बाकीच्यापेक्षा गुळगुळीत असेल तर ती लगेच उघडी पडते. Saturation वाढवून राहिलेली केशरी छटाही पुन्हा शोधावी. दोन्ही वेळा सेव्ह न करता मागे यावे. खडबडीत, जाळीच्या कागदावरच्या प्रिंटला ही तपासणी जास्त गरजेची, कारण त्या जाळीत साधा चट्टाही उठून दिसतो. मग सेटिंगमध्ये फाइलची क्वालिटी सर्वात वरची ठेवून सेव्ह करावे.

आकडे चेहऱ्यावर, बोटांवर किंवा बारीक नक्षीवर पडले असतील तर पुसून नीट होत नाही, तिथे कडा कापणे बरे. फ्रेमच्या पट्टीखाली काही मिलिमीटर जातातच, तेवढे आधी मोजून घ्यावे.

स्कॅन केलेल्या फाइलला स्कॅनचीच तारीख लागते. म्हणजे पुसल्यावर जुनी तारीख कुठेच उरत नाही. फाइलच्या नावात 2004-11-12 असे लिहून ठेवावे, Google Photos मध्येही तारीख बदलता येते. छापलेली तारीख मात्र घरच्यांना विचारून खात्री करावी. बॅटरी काढली की त्या कॅमेऱ्यांचे घड्याळ बऱ्याचदा पहिल्यावर यायचे आणि मे महिन्यातल्या लग्नावर १ जानेवारी छापले जायचे. जमीन, वारस किंवा कोर्टाच्या कामी फोटो द्यायचा असेल तर तारीख पुसलेली प्रत देऊ नये, मूळ प्रिंटच द्यावी.